म्हातारपणी गडगडाटाला घाबरायला लागलेला मोती

कोकणात खरा गडगडाट जुलैत नसतो. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की पटत नाही, त्यांना वाटतं कोकणातला पाऊस म्हणजे चार महिने विजा आणि ढगांचा धुमाकूळ, पण भर पावसाळ्यात इथे नुसता पाऊस पडतो, दिवस दिवस पडतो, आणि आकाश तसं गप्पच असतं. विजा चमकतात त्या मे अखेरीला, मृग लागायच्या आसपास, आणि मग परत जाताना, ऑक्टोबरात. भात कापायला आलेलं असतं, दुपारपर्यंत कडकडीत ऊन, आणि तीनच्या सुमाराला सह्याद्रीच्या बाजूने काळं व्हायला लागतं. त्यातच नवरात्र, दिवाळी, पुढे गावोगावच्या जत्रा आणि त्यातली आतषबाजी. या दोन-अडीच महिन्यांत माझा फोन वेगळाच वाजतो. गाय अडलीय, बकरीला फुगी झालीय हे फोन असतातच, पण मध्ये मध्ये एखादा येतो की कुत्रा काल संध्याकाळपासून कपाटाखालून बाहेर येत नाहीये, थरथरतोय, तोंडातून लाळ गळतेय, रेबीज तर नाही ना?

रेबीज नसतो बहुतेक वेळा (पण लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, हे मी प्रत्येकाला आधी सांगते, ते सांगायलाच पाहिजे). बहुतेक वेळा ती भीती असते, नुसती भीती, आवाजाची. आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की आमच्याच कुत्र्याला का? शेजारचा तर खळ्यात पाय पसरून झोपलाय.

मी तेव्हा उलटा एकच प्रश्न विचारते. केव्हापासून? पिल्लू असल्यापासून घाबरतो की आत्ता आत्ता सुरू झालं? कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माहिती या एका उत्तरात असते, आणि लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे, पण आधी थोडं त्या थरथरीबद्दल सांगते.

कुत्र्याला माणसाच्या चौपट ऐकू येतं असं सर्रास म्हटलं जातं. ते सरसकट खरं नाही. खालच्या पट्टीतले, घुमणारे आवाज कुत्र्याला आपल्यापेक्षा काही जास्त चांगले ऐकू येत नाहीत, उलट आपल्याला साधारण २० हर्ट्झपासून ऐकू येतं आणि कुत्र्याची सुरुवात त्याच्या बरीच वर, ६५-७० च्या आसपास होते. फरक आहे तो वरच्या टोकाला. आपण २०,००० हर्ट्झला थांबतो, कुत्रा ४५,००० पर्यंत जातो, आणि त्या वरच्या पट्ट्यात अगदी बारीक आवाजही त्याला ऐकू येतो. म्हणून लांबवर ढग गुरगुरतात त्यापेक्षा डोक्यावर वीज पडल्यासारखा जो कडाड आवाज होतो, किंवा सुतळी बॉम्बचा जो पहिला फटका असतो, जो अगदी एका क्षणात शून्यावरून टोकाला जातो, तो त्याच्यासाठी जास्त वाईट. आपल्याकडे नियमाप्रमाणे फटाक्याचा आवाज चार मीटरवरून १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. पण १२५ हाच किती मोठा आवाज आहे, आणि खळ्यातला कुत्रा काही चार मीटर मोजून उभा राहत नाही.

आवाज मोठा असणं हे एक झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कधी येणार, कुठून येणार, किती वेळ चालणार हे कुत्र्याला कळायला काहीच मार्ग नाही. रानडुक्कर आलं तर वास येतो, दिशा कळते, भुंकलं की ते पळतं किंवा आपण पळतो, काहीतरी करता येतं. आकाशातून येणाऱ्या आवाजावर भुंकून तो थांबत नाही आणि पळून तो मागे पडत नाही. मेंदूतली जी भीतीची यंत्रणा आहे ती मात्र आपलं काम करते, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात, धाप, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, स्नायू ताणलेले, आणि पळायला सज्ज झालेलं ते अंग पळायला जागाच नसल्यामुळे थरथरत राहतं. मग तो अशी जागा शोधतो जिथे पाठ आणि दोन्ही बाजू झाकलेल्या असतील. न्हाणी, कपाटाखालची फट, चुलीमागचा कोपरा. लोक त्याला तिथून ओढून बाहेर काढतात, कशाला घाबरतोस म्हणून. कृपा करून काढू नका. ती त्याने स्वतः शोधलेली सगळ्यात बरी जागा आहे. बाहेर काढलेला कुत्रा दार उघडं मिळालं तर सरळ धावत सुटतो, आणि आमच्याकडे तो धावत जातो कुठे तर हायवेवर.

आणि हे आवाज थांबला की संपत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, वादळाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्याच घरात वादळाचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. ते सरासरी २०७ टक्क्यांनी वाढलं होतं आणि ४० मिनिटांनंतरही पहिल्या जागी आलेलं नव्हतं. म्हणजे विचार करा, संध्याकाळी एक सुतळी बॉम्ब, अर्ध्या तासाने दुसरा, मग तिसरा, अंग शांत व्हायच्या आत पुढचा फटका येतोच आहे.

आता कळीचा भाग, सवय. सगळे म्हणतात सवय होईल. काही कुत्र्यांना होतेही, पण बऱ्याच जणांत उलट होतं, प्रत्येक वेळेला भीती थोडी वाढते आणि ती आजूबाजूच्या गोष्टींनाही चिकटत जाते. आधी फक्त कडाड आवाज. मग वीज चमकली की, कारण मागून आवाज येतो हे कळलेलं असतं. मग दुपारी पूर्वेकडे काळं झालं की, वारा सुटून माडांच्या झावळ्या सळसळल्या की, ओल्या मातीचा वास आला की. मग लोक कौतुकाने सांगतात की आमच्या कुत्र्याला पाऊस आधी कळतो. कळतो, पण ते कौतुकाचं नाही, त्याच्या भीतीची सुरुवात आता एक तास अलीकडे सरकलीय एवढाच त्याचा अर्थ.

इथे आमच्याकडची एक गोष्ट वेगळी आहे. माकडं. काजू-आंब्याच्या बागांत माकडं आणि वानर उतरतात, सगळं नासवतात, आणि त्यांना हाकलायला लोक फटाके लावतात. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही, पण त्याचा अर्थ असा की आमच्या बागेतल्या राखणीच्या कुत्र्याला दिवाळीची वाट बघावी लागत नाही, मोसमात दिवसाढवळ्या, कुठल्याही क्षणी, त्याच्या डोक्यापाशी बार उडू शकतो.

आता मोतीकडे येते. नाव बदललंय, पण कुत्रा खरा आहे, कुडाळच्या पलीकडच्या एका वाडीतला. गावठी, तांबडा, थोराड, नऊच्या आसपास वय. त्याच घरात सोनी म्हणून दुसरी कुत्री, दोन-तीन वर्षांची, ती पिल्लू म्हणून आली तेव्हापासूनच आवाजाला घाबरणारी. तिचं कुणाला काही वाटत नव्हतं, ती तशीच आहे म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं. फोन आला तो मोतीसाठी.

मी गेले तेव्हा घरातले आजोबा पडवीत बसले होते, मला म्हणाले, "डॉक्टरांनू, ह्यो पयलो असो नाय होतो. सुतळी बॉम्ब फुटलो तरी खळ्यात निजान रवायचो. आता ढग दिसलो काय न्हाणयेत जाता." आतून आजी म्हणाल्या, "म्हातारपण आला आसतला." दोघांनी मिळून जे सांगितलं ते असं, की गेल्या दिवाळीपर्यंत ठीक होता, मग काजूच्या मोसमात बागेत जायचं टाळायला लागला, बांधापर्यंत यायचा आणि मागे फिरायचा, मग बागेच्या दिशेची वाटच सोडली, आणि या ऑक्टोबरात गडगडाटाला थरथर. सोनीला मात्र तो आता जवळ येऊ देत नव्हता, गुरगुरायचा, पूर्वी दोघं एकत्र झोपायची.

नऊ वर्षं ज्याने कान हलवला नाही तो अचानक का घाबरेल? घाबरट रक्त असतं तर ते आधीच दिसलं असतं. बहुतेक भित्र्या कुत्र्यांची भीती लवकर सुरू होते, बऱ्याच जणांत पहिल्याच वर्षात. त्यात आनुवंशिकताही असते, २०२० मध्ये फिनलंडमध्ये १३,००० च्या वर कुत्र्यांची माहिती तपासली त्यात साधारण एक तृतीयांश कुत्रे आवाजाला घाबरणारे निघाले आणि जातीजातींत मोठा फरक दिसला. शिवाय पिल्लाचे सुरुवातीचे आठवडे असतात, साधारण तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत, त्या काळात जे जे शांतपणे बघितलं-ऐकलं ते जगाचा भाग वाटतं, आणि जे राहून गेलं ते पुढे परकं वाटू शकतं. सोनीचं तसंच काहीतरी झालं असावं, ती रस्त्याकडेला एकटी सापडलेलं पिल्लू, आईबापाचा पत्ता नाही, त्या आठवड्यांत तिने काय सोसलं कोण सांगणार.

मोतीचं हे नव्हतं. म्हणून मी आवाजाबद्दल विचारणं बंद केलं आणि त्याला चालवून बघितलं. खळ्यातून पडवीच्या पायऱ्या चढताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलत होता, सशासारखे. बसताना सरळ न बसता एका कुशीवर कलायचा. उजवी मांडी हाताला डावीपेक्षा बारीक लागली. आणि तो मागचा पाय हळूच मागच्या बाजूला ताणायला गेले तर त्याने मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं आणि ओठ चाटले. चावला नाही, ओरडला नाही, एवढंच केलं. गावठी कुत्रा दुखतंय म्हणून कुं कुं करत बसत नाही, लंगडला तरी फार उशिरा लंगडतो, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात न येणं अगदी साहजिक होतं. पुढे शहरात नेऊन एक्स-रे काढला, उजव्या खुब्याच्या सांध्याची चांगलीच झीज झालेली होती. संधिवात.

आता खुबा आणि गडगडाट यांचा काय संबंध? अचानक मोठा आवाज झाला की कुठलंही अंग दचकतं, एका झटक्यात सगळे स्नायू आवळले जातात. निरोगी कुत्र्याला त्याचं काही नाही. पण ज्याचा सांधा आधीच सुजलाय त्याला त्याच क्षणी कळ येते. आवाज, कळ. आवाज, कळ. कुत्र्याला संधिवात म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला फक्त एवढं दिसतं की तो आवाज आला की दुखतं, म्हणजे तो आवाजच दुखवतो. आणि तो आवाज जिथे झाला ती जागाही दुखवते, म्हणून बाग सुटली. आणि अशा वेळी कुणी येऊन अंगावर आदळलं तर दुखतं, म्हणून सोनी नको.

हे मी मनाने जुळवलेलं नाही. २०१८ मध्ये इंग्लंड आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या केसेस शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, त्यातल्या दहांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं आणि दहांना नव्हतं. दुखणं असलेल्यांची भीती सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झाली होती, ती आवाजापुरती न राहता जागांना जास्त पसरली होती, आणि दुसऱ्या कुत्र्यांना टाळणंही त्यांच्यात दिसलं. २० हा आकडा छोटा आहे, त्यावरून प्रत्येक म्हाताऱ्या कुत्र्याचं असंच असतं असं म्हणता येणार नाही. पण मोतीच्या घरी आजोबा जे जे सांगत होते ते एकेक करून त्यात बसत होतं, आणि दुखण्यावर उपचार केल्यावर भीती कमी होते हेही त्याच कामात दिसलेलं आहे, म्हणून ते करून बघण्यासारखं होतंच. उशिरा सुरू झालेल्या भीतीत दुखण्याशिवाय बहिरेपण, दृष्टी कमी होणं, म्हातारपणचा मेंदूचा ऱ्हास हेही बघावं लागतं. "म्हातारपण आला" यात आजींचं चूक नव्हतं, पण म्हातारपण म्हणजे नेमकं काय ते शोधल्याशिवाय सोडायचं नाही.

मोतीला सांध्याच्या सुजेवरचं औषध सुरू केलं, वजनावर मोजून, पोटात अन्न असताना, आणि आधी रक्त तपासून, कारण ही औषधं किडनी आणि पोटाला त्रास देऊ शकतात. हे मुद्दाम लिहितेय कारण घरातली माणसाची दुखण्याची गोळी अर्धी करून कुत्र्याला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. देऊ नका. बाकी वजन कमी करायला भात कमी केला, आणि पडवीतल्या गुळगुळीत लाद्यांवर गोणपाटं टाकली, कारण पाय घसरला की सांध्याला तोच झटका बसतो.

काही आठवड्यांत पायऱ्या चढायची पद्धत बदलली, एकेक पाय टाकायला लागला. सोनी परत शेजारी झोपायला लागली, हे आजींनी मला आपणहून फोन करून सांगितलं. पण गडगडाटाची भीती कमी झाली, गेली नाही. तसं होणारच होतं. दुखणं जरी थांबलं तरी आवाज म्हणजे दुखणं हे जे डोक्यात बसलंय ते आपोआप निघत नाही, त्यावर दुसरं काहीतरी शिकवावं लागतं.

ते शिकवणं सोपं आहे पण क्रम सांभाळावा लागतो. आवाज आधी, खाऊ नंतर, लगेच. प्रत्येक आवाजानंतर, छोटा असो की मोठा. मोतीसाठी भाजलेल्या सुक्या बांगड्याचे तुकडे ठेवले, एरवी कधी द्यायचे नाहीत, फक्त आवाजानंतर. आधी खाऊ दाखवला आणि मग आवाज झाला तर उलटं होतं, बांगडा दिसला की कुत्रा घाबरायला लागतो. स्वित्झर्लंडमधल्या एका संशोधिकेने फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांकडून काय काय उपयोगी पडलं ते विचारलं होतं, २०२० मध्ये ते छापून आलं, त्यात आवाजानंतर खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणांनी फायदा झाल्याचं सांगितलं. पण कुत्रा तुकडा तोंडात घेईनासाच झाला तर समजायचं की तो शिकण्याच्या पलीकडे गेलाय, मग खाऊ बाजूला ठेवायचा आणि त्याला त्याच्या कोपऱ्यात जाऊ द्यायचं. आणि जवळ घेतलं तर भीती वाढेल असं जे सांगतात त्यात तथ्य नाही, भीती ही काही बक्षीस मिळालं म्हणून वाढवावी अशी गोष्ट नाही. तो तुमच्या मांडीत डोकं खुपसत असेल तर खुपसू द्या.

एक अजून, कारण यावरून मला खरंच वाईट वाटतं. फार कमी लोकांना आपला कुत्रा घाबरलाय हे कळतं. ब्रिस्टलमध्ये २०१३ साली एक पाहणी झाली, कुत्रा आवाजाला घाबरतो का असं विचारलं तर साधारण चौथा हिस्सा मालक हो म्हणाले, पण थरथरतो का, लपतो का, चिकटून बसतो का असं एकेक लक्षण विचारलं तर निम्म्या घरांत काहीतरी निघालंच. ओठ चाटणं, जांभया, कान मागे, शेपूट पोटाशी, उगाच फेऱ्या, पाणी न पिणं. सोनी दिवाळीभर हे सगळं करत होती आणि ती शांत कुत्री आहे असं घरात म्हटलं जायचं.

तिचा विषय मोतीपेक्षा अवघड आहे, कारण काढून टाकण्यासारखं दुखणं तिच्यात नाही. तपासलं, सांधे चांगले आहेत. तिला बांगड्याचे तुकडे पुरत नाहीत, पहिल्या गडगडाटालाच ती खायचं बंद करते, म्हणून तिच्यासाठी भीती कमी करणारं औषध ठरवलंय. नुसतं गुंगीचं नाही. पूर्वी सर्रास द्यायचे ते अ‍ॅसिप्रोमाझिन अंग ढिलं करतं, पण आतली भीती तशीच ठेवतं, कुत्रा पडून राहतो, आवाज मात्र सगळा ऐकत राहतो, ते एकट्याने देणं मला मान्य नाही. जे देतोय ते घाबरल्यावर देऊन फारसा उपयोग होत नाही, ते आधी पोटात जायला हवं. म्हणून आजोबांचं आणि माझं असं ठरलंय की ऑक्टोबरात दुपारी घाटाच्या बाजूला ढग चढायला लागले, सोनीने फेऱ्या मारायला सुरुवात केली, की गोळी द्यायची, वीज चमकायची वाट बघायची नाही, आणि दिवाळीत अंधार पडायच्या तासभर आधी. पहिली गोळी मात्र साध्या दिवशी, आवाज नसताना, मी तिथे असताना दिली, तिला ती कशी मानवते ते बघायला. मोतीचं औषध सुरूच आहे, दर काही महिन्यांनी रक्त तपासतो. आणि बागेत माकडांसाठी बार लावायचा असेल त्या दिवशी दोन्ही कुत्री घरात, माजघरात, दार लावून, हे आजोबांच्या मुलाने आपणहून ठरवलंय.